शनिवारी पाय, रात्री क्वार्टर, रविवारी छाती : नेमकं कुठं बिघडतं?

"सर, मी वडगावचा. वय २७, वजन ७४ किलो. शनिवारी संध्याकाळी सहाला जिममध्ये पाय मारतो आणि रात्री मित्रांबरोबर बसतो. साधारण एक क्वार्टर, जत्रा-बित्रा असली तर त्यावर एक बिअर. रविवारी सकाळी सातला छाती करायला जातो खरं दम लागतो, नेहमीचं वजन जात नाही. सोमवार-मंगळवार पायात जीव नसतो. हे दारूनंच होतंय काय? प्लेट पुसून प्रोटीन खाल्लं तर चालतंय की नाही?"

रविवारच्या छातीची तू फार काळजी करतोयस आणि शनिवारच्या पायांची कमी. रविवारी सकाळी जे बिघडतं त्यामागं मोडलेली झोप, कमी पडलेलं पाणी आणि अंगात अजून उरलेली दारू असते. त्यातलं बरंचसं संध्याकाळपर्यंत भरून निघतं. पाय मात्र तू तीन-साडेतीन तास आधीच मारलेले असतात. त्यांची दुरुस्ती जेमतेम सुरू होते आणि तेवढ्यात पहिला पेग भरला जातो. तो तोटा सोमवारी दिसतो. तोपर्यंत शनिवारची रात्र कुणाच्या लक्षातही राहिलेली नसते, म्हणून तो दारूच्या खात्यावर लिहिला जात नाही.

आधी किती पितोस ते ग्रॅममध्ये काढू. 'दोन पेग' किंवा 'थोडीशी' यावर कुठलाच हिशेब उभा राहत नाही. क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के छापलेलं असतं, म्हणजे क्वार्टरमध्ये ७७ मिली निव्वळ अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, एका मिलीचं वजन पाऊण ग्रॅमहून जरा जास्त. म्हणजे क्वार्टरमागे साधारण ६१ ग्रॅम झाले. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ७ टक्क्यांची धरली तर तिचे ३६ ग्रॅम. कॅन्टीनची रम असो की वाईन शॉपमधला टेट्रा पॅक, टक्केवारी तीच असली तर ग्रॅमही तेच. चोर्ला घाटातून बिनलेबलच्या बाटलीत आलेलं काही असेल तर हिशेबच सोड, त्यात किती टक्के आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता याला तुझ्या वजनानं भाग. नुसती क्वार्टर म्हणजे किलोमागे ०.८ ग्रॅम. क्वार्टर आणि बिअर मिळून ९७ ग्रॅम, म्हणजे किलोमागे १.३. आणि नाईन्टीवर थांबलास तर ३० ग्रॅम, किलोमागे ०.४. हे तीन आकडे लक्षात ठेव, पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात २०१० च्या सुमारास याच प्रश्नावर नीट काम झालं. तरुण, व्यायाम करणाऱ्या पुरुषांना एका पायाच्या मांडीवर ३०० वेळा अशा प्रकारचा जोर घ्यायला लावला की स्नायू ताणला जात असतानाच त्यानं वजन आवरून धरायचं. स्क्वॅटमध्ये खाली बसताना मांडी हेच करते, आणि पाय भरतात तेही मुख्यतः त्या खाली जाण्यामुळे. त्यानंतर त्यांना एकदा किलोमागे १ ग्रॅम अल्कोहोल संत्र्याच्या रसातून दिलं आणि दुसऱ्या खेपेला दुसऱ्या पायाचा तसाच व्यायाम करून घेऊन दारूशिवाय नुसता रस दिला. ३६ तासांनी मांडीचा जोर मोजला. तो दोन्ही खेपेला घटलेला होताच, कारण इतका व्यायाम झाल्यावर घटणारच. पण दारूच्या खेपेला तो स्पष्टपणे जास्त घटला होता.

त्याच मंडळींनी पुढं मात्रा निम्मी करून पाहिली, किलोमागे अर्धा ग्रॅम. तेव्हा फरक सापडला नाही. शिवाय ज्या पायानं व्यायाम केलाच नव्हता त्याचा जोर दारूनं घटला नव्हता. म्हणजे दारू स्वस्थ बसलेल्या स्नायूची ताकद एका रात्रीत खात नाही, ती दमलेल्या, दुखावलेल्या स्नायूची दुरुस्ती अडवते. शनिवारी सायंकाळी सहापासून ३६ तास मोजलेस की सोमवारी सकाळचे सहा वाजतात. तुझ्या 'पायात जीव नसतो' या तक्रारीची वेळ तीच आहे.

एक गोष्ट वेगळी करून ठेव. सोमवारी-मंगळवारी पाय दुखतात त्यासाठी दारूला दोष देऊ नकोस. मनापासून स्क्वॅट आणि लंज मारले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतातच, मग तू नुसतं ताक पिऊन झोपलास तरी. दुखणं आणि जोर ही दोन वेगळी मापं आहेत. दुखत असूनही जोर परत आलेला असतो, आणि दुखणं थांबलं तरी जोर आलेला नसतो. तुला बघायचाय तो जोर.

आता प्रोटीनचं. जिममध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, "मटण भरपूर हाणलंय, काय होत नाही." ऑस्ट्रेलियात २०१४ साली ८ तरुणांवर झालेला एक अभ्यास याचं जवळपास थेट उत्तर देतो. वजनाचा आणि सायकलचा जोरदार व्यायाम, त्यानंतर एका खेपेला नुसतं प्रोटीन, दुसऱ्या खेपेला दारू आणि प्रोटीन, तिसऱ्या खेपेला दारू आणि कर्बोदकं. मात्रा मोठी होती, किलोमागे १.५ ग्रॅम. मांडीतून बारीक तुकडा काढून नवीन स्नायू-प्रथिनं किती वेगानं बनतायत ते मोजलं. नुसत्या प्रोटीनच्या तुलनेत दारू आणि प्रोटीनच्या खेपेला तो वेग सुमारे २४ टक्क्यांनी कमी आला, आणि प्रोटीनच नसलेल्या खेपेला ३७ टक्क्यांनी. म्हणजे खाण्यानं तोटा थोडा कमी होतो, भरून निघत नाही. कारण दारू प्रोटीन पचू देत नाही असं नाही. 'बांधायला घ्या' असा जो निरोप पेशीच्या आत फिरतो तोच ती दाबते. वाळू-सिमेंट दारात येऊन पडलंय, पण चार गवंड्यांतला एक कामावर आलेलाच नाही, असा तो प्रकार.

तुझी जत्रेची रात्र, किलोमागे १.३, या मात्रेच्या जवळ जाते. नुसती क्वार्टर मधेच कुठंतरी पडते. नाईन्टी त्या 'फरक सापडला नाही' वाल्या अर्ध्या ग्रॅमच्या आत राहते. नाईन्टी पोषक आहे असा याचा अर्थ नाही, आणि हे अभ्यास मोजक्या तरुण पुरुषांवरचे आहेत हेही ध्यानात ठेव. बाईच्या अंगात त्याच वजनाला पाणी कमी असतं, त्यामुळं तेवढीच दारू रक्तात जास्त चढते. तुझी बहीण किंवा बायको जिमला येत असेल तर तिला तुझा हिशेब लावू नकोस.

रविवार सकाळकडे येऊ. समजा साडेनऊला सुरू करून साडेबाराला उठलास. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळतं, ८ धर. नुसती क्वार्टर असेल तर पहाटे पाचच्या सुमारास रक्त साफ होतं. क्वार्टर आणि बिअर असेल तर सकाळी सातला तू बेंचवर आडवा होतोस तेव्हा अंगात अजून वीसेक ग्रॅम शिल्लक असतात. म्हणजे तू दारूनंतरच्या सकाळी व्यायाम करत नाहीस, अजून पिलेलाच आहेस. गाडीवरून जिमला येताना रक्तातलं प्रमाण कायद्याच्या १०० मिलीला ३० मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर असू शकतं. आदल्या रात्रीचं आहे म्हणून सूट मिळत नाही.

दुसरं, झोप. दारूनं डोळा लवकर लागतो म्हणून झोप चांगली झाली असं वाटतं. पहिला अर्धा भाग खरंच गाढ जातो, पण स्वप्नांची झोप दबलेली असते. दारू उतरायला लागली की उरलेली रात्र तुकड्यातुकड्यानं जाते. लघवीला उठणं, तोंड कोरडं, चारला टक्क जाग. नाडी रात्रभर नेहमीपेक्षा वर राहते. एकला पडून साडेसहाला उठलेल्या माणसाची मुळातच साडेपाच तासांची झोप, त्यात हा गोंधळ.

तिसरं, पाणी. लघवी रोखून धरणारं जे संप्रेरक असतं ते दारू दाबते, म्हणून पितोस त्याहून जास्त बाहेर जातं. शनिवारी संध्याकाळी व्यायामात गेलेला घाम आधीच भरून निघालेला नसतो. आपल्याकडं हिवाळ्यात सकाळी इतका गारवा असतो की तहान जाणवतच नाही, आणि पोरं तसंच चहावर येऊन बेंचवर आडवी होतात.

या तिन्हींचा परिणाम सगळ्या व्यायामावर सारखा होत नाही. एकदाच जोर लावून वजन ढकलायची ताकद दुसऱ्या दिवशी फारशी घटत नाही. घटतो तो दम. १९९० च्या दशकात रग्बी खेळाडूंवर झालेल्या एका पाहणीत शुक्रवारच्या रात्रीच्या नेहमीच्या पिण्यानंतर दमाची क्षमता ११ टक्क्यांच्या आसपास कमी आली होती, झटक्याच्या जोरात मात्र फरक नव्हता. तुझी छाती म्हणजे १०-१२ रेपचे सेट आणि मधे मिनिटभर विश्रांती. पहिला सेट जातो आणि तिसऱ्याला हात थरथरतात, ते याच कारणानं. सैन्यभरतीसाठी सकाळी सोळाशे मीटर मारणारी पोरं माझ्याकडं येतात, त्यांना हे आणखी लवकर कळतं. बीमवरचे पुल-अप्स जवळपास तेवढेच निघतात, शेवटच्या फेरीत मात्र पाय पुढं पडत नाहीत.

'घाम काढला की दारू निघून जाते' म्हणून रविवारी मुद्दाम पळणारेही आहेत. घाम, श्वास आणि लघवी मिळून थोडकीच दारू बाहेर पडते, ९० टक्क्यांहून जास्त यकृतच जाळतं. आणि ते आपल्या चालीनं जाळतं. पळून, काळी कॉफी पिऊन किंवा लिंबू पिळून त्याची चाल वाढत नाही. कॉफीनं जाग येते एवढंच.

मग बदलायचं काय? तू पिणं सोड असं मी सांगितलं तर तू मान डोलवशील आणि शनिवारी बसशीलच. म्हणून आधी पाय हलव. पायांचा दिवस बुधवारी घे. शनिवारपर्यंत दुरुस्तीचा मोठा भाग उरकलेला असतो, कारण कामाचा सगळ्यात जास्त वेग पहिल्या २४ तासांत असतो. नोकरीमुळं बुधवार जमत नसेल तर शनिवारचेच पाय सकाळी सातला मार. रात्री साडेनऊपर्यंत चौदा तास मिळतात आणि त्यात तीन वेळा नीट जेवण होतं. संध्याकाळी सहाला मारलेल्या पायांपेक्षा हा फरक फार मोठा आहे, आणि त्यासाठी एक घोटही कमी करावा लागत नाही. शनिवारी संध्याकाळी जिमला जायचंच असेल तर दंड, खांदा, पोट असलं हलकं काही कर. जड स्क्वॅट, डेडलिफ्ट, लंज त्या दिवशी नकोत.

बसण्याआधी जेव. चकणा म्हणजे जेवण नव्हे. फुटाणे, शेव आणि तळलेल्या पापडावर क्वार्टर गेली की रात्री एकला भाकरी कुणी खात नाही. मग व्यायामात संपलेला स्नायूतला साखरेचा साठा तसाच रिकामा राहतो, कारण दारूच्या उष्मांकांतून तो भरत नाही. ग्रॅमला ७ कॅलरी आहेत खऱ्या, पण त्या तिथं उपयोगी पडत नाहीत. आठ-साडेआठला दोन जोंधळ्याच्या भाकरी किंवा ताटभर भात, आणि चार अंडी नाहीतर मूठभर शिजवलेलं मटण, म्हणजे २५ ते ३५ ग्रॅम प्रोटीन, एवढं आधी पोटात गेलं पाहिजे. भरल्या पोटी दारू हळूहळू चढते आणि माणूस बहुधा पितोही कमी. तुझी मंडळी 'जेवून आलास काय गा, मग आता काय मजा' म्हणतील. म्हणू देत.

बिअर वरून घ्यायची सवय तोड. तुझ्या हिशेबात सगळ्यात महाग तीच पडते. क्वार्टरवर तू कसाबसा मधल्या पट्ट्यात असतोस, ती बिअर तुला किलोमागे एक ग्रॅमच्या पार घेऊन जाते आणि सकाळी सातच्या व्यायामात दारू अंगात ठेवते. नाईन्टीवर थांबता आलं तर पायांचा प्रश्न जवळपास मिटतोच. दोन पेगांच्या मधे एक ग्लास पाणी आणि झोपण्याआधी अर्धा लिटर. त्यानं दारू उतरत नाही, पाण्याचा खड्डा तेवढा कमी होतो.

आणि रविवारची छाती संध्याकाळी पाचला घे. तोपर्यंत रक्त साफ, दोन जेवणं झालेली, दुपारी तासभर डोळा लागलेला. रविवारी संध्याकाळी जिम बंद असेल तर सोमवारी कर, कारण सोमवारी पायांनी साथ दिली नाही तरी छातीला फरक पडत नाही.

सकाळीच जायचा हट्ट असला तर अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोज. आठवडाभर मोजून नेहमीचा आकडा माहीत करून घे. ती नेहमीपेक्षा १० नं वर असेल तर जड वजन नको, असा माझा ठोकताळा आहे. मग उभा राहा. डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा छातीत धडधड चालूच राहिली तर त्या दिवशी जिम नाहीच. धडधड ताल सोडून, अडखळत होत असेल तर डॉक्टरकडे, कारण जास्त पिल्यावर हृदयाचा ठोका खरोखर बिघडू शकतो. नाडी ठीक असली तर वॉर्म-अपच्या सेटवर ठरव. तू कामाचे सेट ६० किलोला करत असशील तर ४० किलोचे ८ रेप मार. ते रोजच्यासारखे पटापट वर गेले तर पुढं जा, पण सेट निम्मे आणि विश्रांती दुप्पट ठेव. तेच ४० किलो चिकटल्यासारखे वाटले तर अर्धा तास चालून घरी जा. एकट्यानं, वरून कुणी धरणारा नसताना बेंच मारू नकोस. सकाळच्या त्या अवस्थेत पकड आणि अंदाज दोन्ही ढिले असतात.

दोन गोष्टी अजिबात नकोत. सकाळी उतारा म्हणून पुन्हा घोटभर, आणि अंगदुखीची गोळी खाऊन व्यायाम. पॅरासिटामॉल आणि दारू दोन्हींचा भार यकृतावर पडतो, आणि आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅक जातीच्या गोळ्या दारूनं आधीच चिडलेल्या पोटाला रक्तस्रावापर्यंत नेऊ शकतात. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली आणि स्नायू सुजून ताठरले तर ती साधी अंगदुखी नव्हे. स्नायू फुटून त्यातला माल मूत्रपिंडात गेलेला असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. खूप दिवसांनी पाय मारून त्या रात्री खूप पिणाऱ्याला याचा धोका जास्त.

हे सगळं माझ्यावर विश्वास ठेवून मानू नकोस, स्वतःवर तपासून बघ. जिन्यातल्या भिंतीला बाजूनं टेकून उभा राहा, हात सरळ वर करून बोटांना लावलेल्या खडूनं खूण कर. मग जागेवरून उडी मारून जिथं हात पोचेल तिथं दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोज, तीन उड्यांतली सगळ्यात उंच धर. हे सोमवारी सकाळी, दरवेळी त्याच वेळेला, थोडं चालून अंग गरम करून. चार आठवडे शनिवारचा पायांचा व्यायाम आता आहे तसाच, त्याच वेळेला, तेवढ्याच वजनाचा ठेव. एका शनिवारी पी, पुढच्याला पिऊ नकोस, परत पी, परत नको. वहीत तारीख, किती मिली, किती वाजता झोपला आणि उडी किती एवढंच लिही. एक-दोन सेंटिमीटर इकडंतिकडं रोजच होतं, ते सोडून दे. पिलेल्या दोन्ही सोमवारी उडी न पिलेल्यांपेक्षा तीन-चार सेंटिमीटरनं खाली आली तर तुझ्या क्वार्टरची किंमत तुझ्याच भिंतीवर मिळेल, आणि फरक आला नाही तर पाय शनिवारीच ठेव, रविवारची वेळ तेवढी बदल.